बशी वाजते, ती टेन्शनने की थायरॉइडने?

माझं वय 53, कोथरूडला राहते. चार वर्षं झाली, चहाचा कप उचलला की हात थरथरतो. उजवा जास्त, डावा कमी. पाहुण्यांसमोर तर बशी वाजायला लागते, म्हणून मी लोकांकडे चहा घेणंच सोडलंय. मिस्टर म्हणतात, टेन्शन घेतेस. जाऊबाई म्हणतात, थायरॉइडमुळे असेल, कारण सहा वर्षं 75 ची गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात टीएसएच 3.1 आला. आईची मान शेवटी शेवटी हलायची. मला कंपवात होतोय का?
– एक वाचक, कोथरूड

हात मांडीवर सैल पडलेला असतो तेव्हा तो थरथरतो का, एवढंच तुमच्या पत्रात राहून गेलंय, आणि कंपवाताबद्दलचं निम्मं उत्तर तिथेच आहे. कंपवात, म्हणजे पार्किन्सन, बहुतेक वेळा एका बाजूने सुरू होतो आणि हात विसावलेला असताना दिसतो. टीव्ही बघताना अंगठा आणि तर्जनी गोळी वळल्यासारखी हलत राहतात, आणि कप उचलायला हात पुढे केला की थरथर निदान क्षणभर तरी थांबते किंवा कमी होते. तुमचं नेमकं उलट चाललेलं दिसतं. दोन्ही हात, कप उचलल्यावर, चार वर्षांत हळूहळू, आणि आईच्या मानेचा इतिहास. यावरून पहिला अंदाज इसेन्शियल ट्रेमरचा येतो. या नावातल्या ‘इसेन्शियल’चा अर्थ ‘आवश्यक’ असा घेऊ नका. ज्याच्यामागे दुसरा कुठला आजार सापडत नाही तो, असा वैद्यकातला हा जुना शब्द आहे. आपल्याकडे हात थरथरला की सरसकट कंपवातच म्हणतात, त्यामुळे माणूस नावानेच निम्मा घाबरतो.

तरी अंदाज म्हणजे निदान नाही. मिस्टरांचं आणि जाऊबाईंचं म्हणणं तपासूनच बाजूला ठेवायला हवं, कारण टेन्शन आणि थायरॉइड ही दोन्ही थरथरीची खरी कारणं आहेत. ती कशी वेगळी दिसतात हे घरच्या घरी बऱ्यापैकी कळू शकतं. त्यासाठी एक आठवडा, रोज दहा मिनिटं द्या. सकाळची वेळ निवडा, चहाच्या आधीची. घरात कुणी येणार-जाणार नसावं, घाई नसावी. शक्य असेल तर मुलाला किंवा मिस्टरांना मोबाइलवर चित्रण करायला सांगा. डॉक्टरांसमोर थरथर नेमकी कमी होते किंवा भलतीच वाढते, तेव्हा हे चित्रण उपयोगी पडतं.

आधी खुर्चीत बसून दोन्ही हात मांडीवर ठेवा आणि मनगटं गुडघ्यांपुढे सैल लोंबू द्या. एक मिनिट शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने मोजा. डोकं गुंतलं की पार्किन्सनची लपलेली थरथर वर येते. इथे हात शांत राहिले तर ती नोंद लिहून ठेवा. मग दोन्ही हात समोर सरळ धरून बोटं फाकवा आणि तीस सेकंद तसेच ठेवा. त्यानंतर कोपर वाकवून दोन्ही तर्जनी नाकासमोर एकमेकींकडे रोखा, मध्ये दोन बोटांचं अंतर ठेवून, एकमेकींना न टेकवता. सरळ हातांपेक्षा या पवित्र्यात इसेन्शियल ट्रेमर पुष्कळदा जास्त स्पष्ट दिसतो.

तिसरी परीक्षा पाण्याची. स्टीलच्या ग्लासात पाऊण भागापर्यंत गार पाणी घ्या. चहा नको, भाजेल. ते दुसऱ्या ग्लासात ओता, परत पहिल्यात ओता, मग एक घोट प्या. थरथर कुठे वाढते याकडे लक्ष द्या. ग्लास उचलताना, वाटेत, की ओठांजवळ आल्यावर? हाताचा नेम जिथे अचूक लागतो त्या शेवटच्या चार बोटांच्या अंतरात थरथर वाढणं ही इसेन्शियल ट्रेमरमध्ये नेहमीची गोष्ट आहे. कप बशीतून उचलताना जमतो आणि तोंडाशी आल्यावर सांडतो, अशी तक्रार म्हणूनच ऐकू येते. शेवटी कोऱ्या कागदावर पेनाने आतून बाहेर चार-पाच वेढ्यांचं गोल गोल चक्र काढा. चकलीसारखं, पण वेढे एकमेकांना न टेकवता, आणि मनगट कागदावर न टेकता. आधी उजव्या हाताने, मग डाव्याने. खाली एक वाक्य आणि तारीख लिहा. सात दिवसांचे सात कागद एकत्र ठेवा.

आता हे कागद वाचायचे कसे? इसेन्शियल ट्रेमरमध्ये रेषेवर एकसारख्या अंतराने लाटा दिसतात. एका दिशेला त्या जास्त उंच असतात आणि सातही दिवस साधारण तशाच राहतात. अक्षर मोठं आणि दातेरी होतं. पार्किन्सनमध्ये चक्र आवळलेलं निघतं आणि अक्षर ओळीच्या शेवटापर्यंत बारीक होत जातं, मुंगीच्या पायांसारखं. निव्वळ चिंतेने हात थरथरत असेल तर निवांत सकाळचं चक्र जवळजवळ गुळगुळीत येतं. इथेच तुमच्या घरातला मुख्य वाद सुटतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

‘पाहुण्यांसमोर वाढतं, म्हणजे टेन्शनच’ हा तर्क बरोबर वाटतो, पण चुकीचा आहे. चारचौघांत प्रत्येकच थरथर वाढते. इसेन्शियल ट्रेमर वाढतो, पार्किन्सनचा वाढतो, थायरॉइडचाही वाढतो. भीती किंवा संकोच वाटला की ॲड्रेनलिन रक्तात उतरतं आणि स्नायूंवर थेट काम करून असलेली थरथर मोठी करतं. त्यामुळे ‘कधी वाढतं’ या प्रश्नातून फारसं हाती लागत नाही. विचारायला हवं ते हे: कुणी नसताना, मन शांत असताना, थरथर पूर्ण जाते का? चिंतेची थरथर एखाद्या प्रसंगाला चिकटून येते. मुलाखत, भांडण, रिपोर्टची वाट बघणं. ती बारीक आणि जलद असते, दोन्ही हातांत सारखीच असते. सोबत छातीत धडधड, घामेजलेले तळवे, कोरडं तोंड असतं, आणि प्रसंग सरला की काही वेळात ओसरते. चार वर्षं रोज सकाळी, रिकाम्या स्वयंपाकघरात, एकट्याने पाणी ओतताना ती हजर राहत नाही. तुमची तशी हजर असेल तर टेन्शन हे तिचं मूळ नव्हे. उलट, लोकांकडे चहा न घेणं हे तुमचं टेन्शन थरथरीतून आलेलं आहे. मिस्टरांना हा क्रम समजावून सांगा.

जाऊबाईंचा मुद्दा वेगळ्या कारणाने गडबडलेला आहे. आपल्याकडे ‘मला थायरॉइड आहे’ म्हणणाऱ्या बहुतेकांची ग्रंथी कमी काम करत असते, आणि थरथर होते ती ग्रंथी जास्त काम करत असेल तर. तुमची गोळी कमतरता भरून काढण्यासाठी आहे. कमतरतेने हालचाली मंदावतात, थकवा येतो, अंग जड होतं. हात अशा प्रकारे थरथरत नाहीत. गोळीने थरथर येऊ शकते, पण ती मात्रा गरजेपेक्षा जास्त झाली तरच, आणि तसं झालं की टीएसएच खाली घसरतो, बहुधा 0.1 च्याही खाली. तुमचा 3.1 आहे. म्हणजे 75 मायक्रोग्रॅम तुम्हाला जास्त होत नाहीयेत. एकच गोष्ट पाहून घ्या: गेल्या दीड-दोन महिन्यांत मात्रा बदलली होती का? मात्रा बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्याआधीचा आकडा जुन्या मात्रेचा हिशोब सांगत असतो.

ग्रंथी खरोखर जास्त चालत असली की चित्र कसं असतं, तेही पाहून घ्या. भूक चांगली असून वजन उतरतं. पुण्याच्या डिसेंबरातही पंखा लागतो. तळवे गरम आणि ओलसर राहतात. शौचाला वारंवार जावं लागतं. थरथर इतकी बारीक असते की नुसत्या नजरेला कधी दिसतही नाही. हात समोर पसरून बोटांच्या पाठीवर एक साधा कागद ठेवला की त्याच्या कडा फडफडतात, तेव्हा ती दिसते. आणि नाडी. उठल्या उठल्या, अंथरुणातच, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. थायरॉइड जास्त असेल तर ती तेव्हाही 90-100 च्या पुढे असू शकते, कारण झोपेतही तिचा वेग उतरत नाही. चिंतेच्या माणसाची नाडी दिवसभर धावत असली तरी पहाटे शांत असते. इसेन्शियल ट्रेमरचा नाडीशी संबंधच नाही, ती तुमच्या नेहमीसारखीच भरेल.

टीएसएचवरून एक सावधगिरी, तुमच्यापेक्षा इतर वाचकांसाठी. केस गळतात म्हणून बायोटिनच्या 5 किंवा 10 मिलिग्रॅमच्या गोळ्या अनेक जणी घेतात. काही प्रयोगशाळांच्या तपासणी पद्धतीत हे बायोटिन अडथळा आणतं आणि टीएसएच खोटा कमी, टी-फोर खोटा जास्त येतो. हात चिंतेने थरथरत असतो, रिपोर्ट थायरॉइड वाढल्याचा येतो आणि भलताच उपचार सुरू होतो. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ती गोळी बंद ठेवावी आणि प्रयोगशाळेतही सांगावं.

मग हे डोळ्यांनी सारखं दिसणारं थरथरणं मुळात वेगळं कशामुळे? चिंता, थायरॉइड, चहा, उपाशी पोट यांत जी थरथर येते ती आपल्या सगळ्यांच्या हातांत असतेच, फक्त आवाज वाढवल्यासारखी मोठी होते. ती सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा होते, आणि तिचा वेग काही अंशी हाताच्या वजनावर अवलंबून असतो. मनगटाला अर्धा किलोचं वजन बांधलं की तो भाग संथ होतो, जसा लांब दोरीचा झोपाळा संथ हलतो. इसेन्शियल ट्रेमरचा ठेका मेंदूतून येतो, लहान मेंदू आणि त्याच्याशी जोडलेल्या मार्गांतून, त्यामुळे वजन बांधलं तरी ठेका तोच राहतो. शंका उरली तर न्यूरॉलॉजीच्या विभागात हातावर संवेदक लावून हा फरक मोजता येतो. घरी नजरेने तो कळत नाही, म्हणून वजन बांधून निदान करायला जाऊ नका. वयाबरोबर इसेन्शियल ट्रेमरचा ठेका थोडा संथ होतो, पण झोका रुंद होतो, म्हणून पन्नाशीनंतर कप जास्त सांडतो.

आठवडाभरात चहाचीही परीक्षा घ्या. पहिले तीन दिवस नेहमीसारखे कप, पुढचे चार दिवस फक्त सकाळचा एक. दुपारी अमृततुल्यच्या गाडीवरचा घोटभर चहाही मोजायचा, तोच जास्त कडक असतो. संकष्टीच्या दिवशी उपाशीपोटी चहा झाला असेल तर त्या दिवसाच्या कागदावर तसं लिहा. त्या दिवशी लाटा उंचावतीलच, आणि त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. चहा कमी केल्यावर थरथर थोडी उतरली पण राहिली, तर चहा फक्त वाढवणारा होता. पूर्ण गेली, तर बाकी सगळं विसरा आणि चहा कमी करा.

औषधांचा डबा एकदा टेबलावर रिकामा करा. दम्याचा साल्ब्युटामॉलचा पंप, त्याच वर्गातलं औषध असलेली काही खोकल्याची सिरप, फिट्स किंवा मायग्रेनसाठीचं व्हॅलप्रोएट, लिथियम, नैराश्यावरच्या काही गोळ्या, या सगळ्यांनी इसेन्शियल ट्रेमरसारखीच थरथर येते. आपल्याकडची आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. पित्ताच्या काही जोडगोळ्यांमध्ये ॲसिड कमी करणाऱ्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड असतं, चक्करेसाठी सिनारिझिन आणि अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन दिलं जातं. ही औषधं महिनोन्महिने घेतली तर हुबेहूब पार्किन्सनसारखी थरथर आणि मंदपणा येऊ शकतो. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात, ते वाचून डॉक्टरांना दाखवा. आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नका, विशेषतः फिट्सची.

आता समजा तुमचे सातही कागद असे निघाले: विसावलेले हात शांत, तर्जन्या समोरासमोर धरल्या की थरथर, ग्लास ओठांशी आला की जास्त, चक्रावर सातही दिवस एकसारख्या लाटा, उजवीकडे उंच, डावीकडे बुटक्या, सकाळची नाडी 72, आणि डब्यात संशयित औषध नाही. तर निदान जवळजवळ हातात आलं. न्यूरॉलॉजिस्टांच्या 2018 च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत दोन्ही हातांची हालचालीतली थरथर निदान तीन वर्षं असावी आणि मज्जासंस्थेची दुसरी लक्षणं नसावीत, असं म्हटलं आहे. तुमची चार वर्षं झाली आहेत. डावा-उजवा थोडा फरक चालतो. घरात आणखी कुणाला असणं अटीत नाही, पण जवळपास निम्म्या रुग्णांत तसं आढळतं. फक्त आईची मान ‘नाही नाही’ अशी हलायची की एका बाजूला ओढली जायची, ते आठवून सांगा. मान ओढली जात असेल तर तो डिस्टोनिया, म्हणजे स्नायू आपोआप आवळले जाण्याचा आजार, असू शकतो आणि डॉक्टर तुमची मानही त्या नजरेने पाहतील.

डॉक्टर तुम्हाला हात पसरायला, नाकाला बोट लावायला, चालायला आणि बोटं भराभर मिटायला-उघडायला सांगतील. इसेन्शियल ट्रेमर सिद्ध करणारी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही. टीएसएच झालेला आहे, साखर आणि गरजेप्रमाणे किडनी-लिव्हर पाहिलं की बहुधा पुरतं. चित्र इतकं ठराविक असताना एमआरआयचा आग्रह धरू नका. वाचकांपैकी कुणाचं वय चाळिशीच्या आत असेल तर मात्र शरीरात तांबं साठत जाणाऱ्या विल्सनच्या आजारासाठी रक्तातलं सेरुलोप्लाझमिन तपासून घेणं योग्य. आणि एकाच हाताला अचानक थरथर, त्यासोबत बोबडं बोलणं, तोल जाणं किंवा कमजोरी आली तर आठवडाभर चक्र काढत बसायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

उपचार दरवेळी लागतोच असं नाही. थरथर अडचणीची झाली तर पहिलं औषध बहुधा प्रोप्रानोलॉल. थोड्या मात्रेने, 20 मिलिग्रॅम दोनदा असं सुरू करून नाडी आणि रक्तदाब बघत वाढवतात. निम्म्या-अधिक लोकांना ते उपयोगी पडतं, पण थरथर कमी होते, नाहीशी होत नाही. दमा असेल तर ते द्यायचं नाही. नाडी मुळातच संथ असेल तरीही नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांत साखर उतरल्याची धडधड आणि थरथर ते झाकून टाकतं, मग इशारा म्हणून फक्त घाम उरतो. बरेच दिवस घेतल्यावर एकदम बंदही करू नये. दुसरा पर्याय प्रिमिडोन, रात्री अगदी लहान मात्रेने, कारण पहिल्या एक-दोन दिवसांत चक्कर आणि मळमळ येऊ शकते. इथे एक जुनी गफलत होते. मैत्रिणीची ‘धडधडीची गोळी’ घेऊन हात थांबला, म्हणजे टेन्शनच होतं, असं लोक ठरवतात. प्रोप्रानोलॉलने चिंतेची, थायरॉइडची आणि इसेन्शियल, तिन्ही थरथरी कमी होतात. गोळी लागू पडली यावरून कारण कळत नाही. दारूच्या घोटाने हात शांत होतो, हेही पुष्कळांच्या बाबतीत खरं आहे, पण उतरल्यावर थरथर दामदुप्पट परत येते, म्हणून तो उपाय नाही.

राहिला चहाचा कप. बशी आधी सोडा. बशीत कप मोकळा असतो, हाताची प्रत्येक लाट त्याच्यापर्यंत पोचून आवाज करते, आणि तो आवाज ऐकून तुम्ही आणखी ताठरता. त्याऐवजी रुंद बुडाचा जाड, जड मग घ्या आणि अर्धाच भरा. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवा किंवा टेबलावर ठेवा, दोन्ही तळव्यांनी मग धरा आणि मग वर आणण्यापेक्षा मानच थोडी पुढे न्या. कोपर टेकलं की खांद्यापासून लांबलेली कांब अर्धी होते आणि टोकाची थरथर त्या मानाने लहान होते. पाहुण्यांना चहा देताना ट्रे अंगाशी धरून न्या, आणि कप ओतायचे ते ओट्यावर, हातात धरून नाही. पोह्यांसाठी पातळ चमच्यापेक्षा जड दांड्याचा चमचा बरा पडतो. पेनाला जाड रबराची नळी चढवा. बँकेत सही जुळत नाही म्हणून चेक परत येऊ लागले असतील तर नमुना सही नव्याने देता येते. ती द्यायला सकाळी, नाश्ता करून आणि चहाच्या आधी जा.